मदत हवी आहे: म्हापशाचा फ्लॅट विकला, टॅक्स माझ्या एकट्याच्या नावावर की बायकोच्या पण? इंडेक्सेशन आणि बॉण्डचं गणित जुळत नाहीये

फोंडेकर६४
नमस्कार मंडळी. जरा लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून लिहितो. आम्ही फोंड्याला वडिलोपार्जित घरात राहतो. २००८ मध्ये म्हापशाला एक फ्लॅट घेतलेला, माझ्या एकट्याच्या नावावर, स्टँप ड्युटी रजिस्ट्रेशन धरून सगळे मिळून १८ लाख गेले. इतकी वर्षं भाड्याने होता. आता १८ नोव्हेंबर २०२५ ला तो १ कोटी १० लाखाला विकला, दलालाला २ टक्के म्हणजे २ लाख २० हजार दिले. सेल डीडवर बायकोची पण सही घेतली सबरजिस्ट्रारकडे, ती आपल्याकडे घ्यावीच लागते हे सगळ्यांना माहीत आहे. घेणाऱ्याने १ टक्का टीडीएस कापला, १ लाख १० हजार, तो सगळा माझ्या पॅनवर.

आता ज्या ऑफिसात मी रिटर्न भरायला देतो तिथला मुलगा म्हणतो की ८९ लाख ८० हजार गेन, साडेबारा टक्क्याने ११ लाख २२ हजार ५०० टॅक्स, वर सेस. वाचवायचा असेल तर सहा महिन्यांत बॉण्ड घ्या पण ५० लाखांपर्यंतच, म्हणजे उरलेल्या ३९.८० लाखांवर जवळजवळ ५ लाख भरायचेच. मी विचारलं इंडेक्सेशनचं काय, तर म्हणाला काका ते बंद झालं.

माझं वय ६१, पेन्शन वर्षाला ४ लाख ८० हजार. बायको ५७ ची, तिची नोकरी नव्हती कधी. दोघांच्या मिळून एफडीचं व्याज वर्षाला २ लाख ४० हजार होतं. पैशातले ३० लाख मुलाला द्यायचे आहेत, तो पुण्यात फ्लॅट घेतोय. मुलाचा फ्लॅट घर घेतल्याच्या सवलतीत बसेल का हा पण प्रश्न आहे. कोणाला अनुभव असेल तर सांगा, मे महिन्यात बॉण्डची मुदत संपते.

पणजीकर_नितीन
काका तो मुलगा अर्धाच खरं बोलतोय. इंडेक्सेशन पूर्ण बंद नाही झालं. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं घर किंवा जमीन असेल आणि तुम्ही भारतात राहणारे असाल तर दोन्ही हिशेब करायचे, जो टॅक्स कमी तो भरायचा. तुमचं करून बघितलं मी. २००८-०९ चा इंडेक्स १३७, यंदाचा ३७६. १८ लाखाचे झाले ४९ लाख ४० हजार १४६. विक्रीतून दलाली वजा करून १ कोटी ७ लाख ८० हजार, त्यातून हे वजा केले की ५८ लाख ३९ हजार ८५४. त्याचे २० टक्के ११ लाख ६७ हजार ९७१. म्हणजे साडेबाराचाच हिशेब ४५ हजाराने स्वस्त पडतो. तुमच्या केसमध्ये इंडेक्सेशनचा उपयोग नाही, विषय संपला. बॉण्ड घ्या आणि बाकीचा टॅक्स भरून मोकळे व्हा.

डिचोलीची_सुवर्णा
माझ्या भावाचं पण असंच आहे हो. तो स्विंडनला असतो, अस्नोड्याचं घर विकायचं म्हणतोय आणि त्याला कोणीतरी सांगितलं की २० टक्के आणि इंडेक्सेशन घे. मग त्याला पण दोन्ही हिशेब करून चालेल का? आणि दलाल म्हणतो घेणारा १ टक्काच कापेल.

अनघा_मडगाव
सुवर्णा, तुझ्या भावाचं वेगळं आहे, त्याच्यासाठी नवीन धागा काढ बाय. पण थोडक्यात, तो अनिवासी असेल तर जुन्या हिशेबाचा पर्याय त्याला नाहीच, तो निवासी माणसाला आणि हिंदू एकत्र कुटुंबालाच दिलाय. आणि १ टक्का वगैरे नाही, अनिवासी विकत असेल तर घेणाऱ्याने कलम १९५ खाली पूर्ण दराने कापायचं असतं. विकायच्या आधीच कमी कपातीचं सर्टिफिकेट घ्यायला सांग त्याला, नाहीतर पैसे अडकून बसतील रिफंड येईपर्यंत.

आता फोंडेकरबाब तुमच्याकडे येते. मी २२ वर्षं टॅक्सच्याच कामात आहे, आणि सगळ्यात पहिली गोष्ट तुम्हाला कोणीच विचारली नाही. लग्न कुठे झालं, आणि लग्नाच्या आधी मालमत्ता वेगळी ठेवायचा करार केलेला का? केला नसेल आणि दोघं गोव्याचे असाल, तर तुम्हाला कलम ५ए लागतं. पोर्तुगीज सिव्हिल कोडप्रमाणे नवराबायकोची मिळकत सामाईक, म्हणून पगार सोडून बाकी सगळं उत्पन्न अर्धं अर्धं वाटायचं. भाडं, व्याज, कॅपिटल गेन, सगळं. फ्लॅट कोणाच्या नावावर आहे याला अर्थ नाही. पेन्शन पगारातच धरतात, ती तुमच्याकडेच राहील. म्हणजे ८९.८० लाख तुमच्या एकट्याचे नाहीत, ४४.९० तुमचे आणि ४४.९० वहिनींचे.

पणजीकर_नितीन
५ए ख्रिश्चन लोकांना लागतं ना? आमच्या घरी कोणी कधी वापरलेलं ऐकलं नाही.

अनघा_मडगाव
नितीन, हा गैरसमज इतका पसरलाय की काय सांगू. गोव्याचा तो कायदा सगळ्या धर्मांना सारखाच आहे, म्हणूनच तर आपल्याकडे समान नागरी कायदा म्हणून देशभर उदाहरण देतात. तुमच्या घरी कोणी वापरला नाही याचा अर्थ रिटर्न चुकीचे गेले एवढाच. आयटीआर-१ मध्ये तर ५ए वाल्यांना रिटर्न भरताच येत नाही, आयटीआर-२ लागतो आणि त्यात शेड्यूल ५ए भरून जोडीदाराचा पॅन द्यावा लागतो.

वास्कोतला_कोल्हापुरी
मी १५ वर्षं वास्कोत आहे, फ्लॅट इथेच आहे, लग्न कोल्हापुरात झालं. मला पण लागू का? बायकोला काही उत्पन्न नाही, वाटून मिळालं तर बरंच होईल.

अनघा_मडगाव
नुसता फ्लॅट गोव्यात आहे किंवा तुम्ही इथे राहता म्हणून नाही लागत. तुमच्या लग्नाला गोव्याची सामाईक मिळकतीची पद्धत लागते का, त्यावर आहे ते. कोल्हापूरचं कुटुंब, लग्न तिकडे, तर सहसा नाही. फायदा होतोय म्हणून भरू नका, नंतर सिद्ध करायची पाळी येते.

फोंडेकर६४
लग्न १९९१ ला फोंड्यालाच, दोघंही इथलेच, करार वगैरे काही नाही. अनघाताई मी आजपर्यंत भाडं सगळं माझ्याच रिटर्नमध्ये दाखवत आलो. आता अचानक अर्धं बायकोचं दाखवलं तर प्रश्न नाही येणार?

अनघा_मडगाव
येऊ शकतो, पण कायदा तुमच्या बाजूने आहे, आणि ५ए हा पर्याय नाही, वाटणी करायचीच असते. जुनी वर्षं चुकली म्हणून हेही चुकवायचं असं नाही ना. लग्नाचा दाखला, आणि सेल डीडमध्ये वहिनी विकणारी म्हणून आहे का फक्त संमती देणारी म्हणून सही आहे, ते बघून ठेवा. विकणारी म्हणून असेल तर फार सोपं जाईल.

टीडीएसचं सांगते. घेणाऱ्याने २६क्यूबी एकाच पॅनवर भरलाय, त्यामुळे वहिनींच्या २६एएसमध्ये काही दिसणार नाही. तुमच्या शेड्यूल ५ए मध्ये १ लाख १० हजारातले ५५ हजार वहिनींना दिले असं दाखवायचं, आणि त्यांच्या रिटर्नमध्ये टीडीएसच्या जागी जोडीदाराचा ५ए खाली असा प्रकार निवडून तुमचा पॅन टाकायचा. दोघांचे आकडे एकमेकांना जुळले पाहिजेत. गडबड इथेच होते. नवरा पूर्ण १ लाख १० हजार घेतो, बायको परत ५५ मागते, आणि मग दोघांना नोटीस. किंवा बायको रिटर्नच भरत नाही कारण तिला कधी भरायची सवय नसते.

आणखी एक. तुम्ही ६० च्या वर आणि धंदा नाही, म्हणून तुम्हाला ॲडव्हान्स टॅक्स नाही. वहिनी ५७ च्या, त्यांना ती सूट नाही. त्यांच्या वाट्याला टॅक्स बसणार असेल तर १५ मार्चच्या आत भरा, नाहीतर व्याज लागेल. उलट बाजूने त्यांना एक फायदा पण आहे, एफडीचं व्याज पण वाटलं की त्यांचं बाकीचं उत्पन्न १ लाख २० हजारच होतं, नव्या पद्धतीत ४ लाखापर्यंत टॅक्स नाही, मग न वापरलेले २ लाख ८० हजार त्यांच्या गेनमधून वजा होतात. ३५ हजार वाचले तिथेच.

पणजीकर_नितीन
हे मान्य. म्हणजे बॉण्ड पण दोघांना ५०-५० लाख, काका ४४.९० आणि काकू ४४.९० असे घेतले की टॅक्स शून्य. १० हजारांच्या पटीतच घ्यायचे असतात, बरोबर बसतं. पण मग मुलाला द्यायचे ३० लाख कुठून येणार, हातात १८ च राहिले.

अनघा_मडगाव
हं, इथेच गंमत आहे, आणि नितीन तू आधी विषय संपला म्हणालास ना, तो इथे परत सुरू होतो. तू दोन हिशेबांची तुलना सवलत घ्यायच्या आधी केलीस. कलम ११२ ची भाषा वाच. नव्या पद्धतीने आलेला टॅक्स, जुलै २०२४ च्या बदलाआधी कायदा जसा होता त्याप्रमाणे आलेल्या टॅक्सपेक्षा जास्त असेल तर जास्तीचा सोडून द्यायचा. जुन्या कायद्याप्रमाणे टॅक्स काढायचा म्हणजे इंडेक्स करून गेन काढायचा आणि त्यातून बॉण्डची किंवा घराची सवलत पण वजा करायची, तेव्हाच तो टॅक्स पूर्ण होतो.

आता बघ. इंडेक्स केलेला गेन एकेकाचा २९ लाख १९ हजार ९२७. दोघांनी प्रत्येकी २९ लाख २० हजारांचे बॉण्ड घेतले तर जुन्या हिशेबाने टॅक्स शून्य. नव्या हिशेबाने एकेकाचे १५ लाख ७० हजार उरतात, त्यावर साडेबारा टक्के १ लाख ९६ हजार. शून्यापेक्षा हे जास्त, म्हणून हे सगळंच वगळलं जातं. सवलत न घेता इंडेक्सेशन महाग पडत होतं, आणि सवलत घेतली की तेच स्वस्त. फोंडेकरबाबना ८९.८० लाख अडकवायची गरज नाही, ५८.४० लाखात काम होतं आणि हातात ४९ लाख राहतात.

मोहन_आर
थांबा थांबा. मी स्वतः ऑडिटवाला आहे, कुडचड्याला. अनघाबाई म्हणतात तसा अर्थ निघतो हे खरं आहे, पण मी माझ्या माणसांना अजून असं करायला सांगत नाही. नवा नियम आल्यावर सरकारने इंडेक्सेशन काढलं आणि फक्त टॅक्सचा भार वाढू नये म्हणून तो जोडपरिच्छेद घातला. कलम ५४ आणि ५४ईसी मध्ये 'कॅपिटल गेन' म्हणजे आता बिन-इंडेक्सचाच गेन. उद्या अधिकारी म्हणेल की तुमचा गेन ४४.९०, तुम्ही गुंतवले २९.२०, बाकी टॅक्सेबल. वाद घालायची तयारी असेल तरच करा.

शिवाय बॉण्डची ५० लाखांची मर्यादा ५ए मध्ये प्रत्येकी का मिळून, यावर पण बोला. ५ए म्हणतं की त्या हेडखालचं उत्पन्न वाटा. हेडखालचं उत्पन्न म्हणजे सवलत वजा करून उरलेलं. मग ५० लाखांची मर्यादा वाटणीच्या आधी एकदाच लागते असं कोणी म्हटलं तर?

अनघा_मडगाव
मोहनराव दुसरा मुद्दा तुमचा गंभीर आहे, मान्य. माझं म्हणणं असं की सामाईक मिळकतीत बायको अर्ध्याची मालकच आहे, फ्लॅट तिनेही विकलाय, डीडवर सही आहे, म्हणून ती स्वतःच्या नावावर स्वतःच्या पैशाने बॉण्ड घेईल आणि स्वतःच्या गेनवर सवलत मागेल. म्हणूनच डीडमध्ये विकणारी म्हणून नाव आहे का विचारलं. सगळे बॉण्ड नवऱ्याच्या पॅनवर घेऊन मग अर्धे बायकोचे म्हणून दाखवू नका, तिथे नक्की अडकाल. पैसे आधी वहिनींच्या खात्यात जाऊ द्या, तिथून त्यांच्या नावावर बॉण्ड.

पहिल्या मुद्द्यावर नाही मान्य. भार वाढू नये हाच हेतू असेल तर सवलत घेणाऱ्याचा भार का वाढवायचा? जुलै २०२४ च्या आधी विकला असता तर त्याने इंडेक्स केलेला गेनच गुंतवला असता ना.

मोहन_आर
हेतू आणि असेसमेंट ऑर्डर यात फरक असतो हो, हे तुम्हाला मी काय सांगायचं.

फोंडेकर६४
तुम्ही दोघं भांडा पण मला सांगा मी किती घेऊ 😅 डीड बघितलं आत्ता. बायकोचं नाव विकणाऱ्यांमध्ये दुसरी व्यक्ती म्हणून आहे, वकिलाने बरं केलं.

अनघा_मडगाव
मग तुम्ही जोखीम आकड्यात बघा. प्रत्येकी २९.२० घेतले आणि मोहनरावांचं म्हणणं खरं ठरलं, तर बाकी १५.७० वर टॅक्स. तुमचे १ लाख ९६ हजार, वहिनींचे २ लाख ८० हजार वजा होऊन १ लाख ६१ हजार, सेस धरून दोघांचे मिळून पावणेचार लाखांच्या आसपास, आणि वर व्याज. एवढे पैसे एफडीत बाजूला ठेवता येतील का? येत असतील तर २९.२० घ्या आणि निर्णय होईपर्यंत ते तोडू नका. झोप लागणार नसेल तर ४४.९० घ्या. मी तुमच्या जागी असते तर पहिलं केलं असतं, पण माझे कागद मला भांडायला जमतात.

मोहन_आर
आणि मी तुमच्या जागी असतो तर मधला रस्ता घेतला असता. वहिनींच्या वाट्याचा टॅक्स मार्चच्या आत भरून टाकायचा आणि रिटर्नमध्ये अनघाबाईंचा हिशेब दाखवून रिफंड मागायचा. नाही मिळाला तर व्याजाचं ओझं नाही. रिटर्नच्या फॉर्मात जमीन-इमारतीला दोन्ही टॅक्स काढून जास्तीचा वगळायची जागा आहे, ती भरून काय आकडा येतो ते तुमच्या सीएकडून मार्चच्या आधीच बघून घ्या.

डिचोलीची_सुवर्णा
बॉण्डच्या ऐवजी घर का नाही बांधत? माझ्या नणंदेने बँकेत ते कॅपिटल गेनचं खातं उघडलेलं, सगळं ठेवलं त्यात आणि सुटली.

अनघा_मडगाव
खातं उघडून सुटत नाही बाय, तिथे फक्त मुदत मिळते. ३१ जुलै २०२६ च्या आत त्यात टाकायचे, मग विक्रीपासून दोन वर्षांत घर घ्यायचं किंवा तीन वर्षांत बांधायचं. नाही झालं तर तीन वर्षं संपतात त्या वर्षी टॅक्स भरायचा. आणि फोंड्याच्या जुन्या घराची कौलं बदलली, मातीच्या भिंती काढून चिरे लावले म्हणून नवीन घर बांधलं असं होत नाही. पूर्ण पाडून नवीन बांधत असाल तर गोष्ट वेगळी. आपल्याकडे टीसीपी, पंचायतीचा परवाना, मग चार महिने पाऊस, तीन वर्षं कशी जातात कळत नाही. पैसे काढताना पण दर वेळी फॉर्म द्यावा लागतो आणि काढलेले ६० दिवसांत खर्च करायचे.

पुण्याच्या फ्लॅटचं राहिलं. मुलाच्या नावावर घेतलेल्या घरावर सवलत मागू नका. काही हायकोर्टांनी दिलीय, पण मुंबई हायकोर्टाचा २००८ चा निकाल विरुद्ध आहे आणि गोवा त्याच हायकोर्टाखाली येतं. मुलाला पैसे देणं वेगळं, ते खुशाल द्या.

पणजीकर_नितीन
बॉण्डला व्याज सव्वापाच टक्केच आहे आणि ते पण टॅक्सेबल, पाच वर्षं हात लावता येत नाही, कर्जाला तारण पण नाही ठेवता येत. एफडीपेक्षा दीड टक्का कमी धरला तर ५८ लाखावर वर्षाला ८७ हजार कमी मिळणार. तरी अकरा लाखापुढे काहीच नाही म्हणा.

फोंडेकर६४
ठरवलं. आज बायकोला घेऊन बँकेत गेलेलो, तिच्या नावाचं खातं जॉइंट होतं ते वेगळं करायला फॉर्म दिला. २९.२० चेच घेणार दोघांचे, आणि ४ लाख वेगळे ठेवतोय. मोहनराव म्हणतात तसा तिचा टॅक्स १५ मार्चच्या आत भरायचा का हे सीएंना विचारणार आहे, सोमवारी बोलावलंय. तिला रिटर्न भरायचंय म्हटल्यावर म्हणते, म्हणजे आता मला पण नोटीस येणार का? काय सांगू तिला 😄 देव बरें करूं सगळ्यांचं.

वास्कोतला_कोल्हापुरी
काका सोमवारी सीए काय म्हणतात ते इथे टाका. आणि अनघाताई, माझं लग्न कोल्हापुरात झालं पण बायको मूळची साखळीची आहे, तरी नाही का?

अनघा_मडगाव
लग्नाच्या वेळी तुमचं स्वतःचं मूळ कुठलं धरलं जात होतं, ते आधी सांगा. आणि लग्न नोंदवलं कुठे? तिच्या गावी पण नोंदवलेलं असेल तर त्याचा कागद काढा, मग बघू.